‘आग लागल्यास इथे जमा’: कारखान्यातलं जमण्याचं ठिकाण बदलतं तेव्हा नेमकं काय बदलतं?

गळीत हंगाम तोंडावर आला की साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसबाहेरच्या फळ्यावर नोटिसांची गर्दी होते. पाळ्यांचे तक्ते, हंगामी कामगारांच्या हजेरीची तारीख, बोनसची चर्चा. त्यातच एक साधा कागद लागतो: ‘आपत्कालीन जमण्याचे ठिकाण बदलले आहे. अग्निशमन सरावाच्या नव्या वेळा खालीलप्रमाणे.’ कुणीतरी त्याचा फोटो काढतो, तो ग्रुपवर पडतो, खाली चार-पाच अंगठे येतात आणि विषय संपतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, साखर कारखाने आणि त्यांना जोडलेले इथेनॉल प्रकल्प कमी नाहीत. शिवाय नागापूर, सुपा आणि श्रीरामपूरच्या औद्योगिक वसाहती आहेत. त्यामुळे अशी नोटीस इथल्या हजारो घरांशी संबंधित आहे. या एका कागदावर काय असायला हवं, ठिकाण मुळात का बदलावं लागतं आणि बदल करताना चूक कुठे होते, ते समजून घेऊ.

शेवगावची ती संध्याकाळ

२५ फेब्रुवारी २०२३, शनिवार. संध्याकाळी शेवगाव तालुक्यातल्या गंगामाई साखर कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला आग लागली. टाक्यांचे स्फोट झाले, ज्वाळा लांबवरून दिसत होत्या, आसपासच्या ठिकाणांहून अग्निशमन गाड्या धावल्या आणि कामगारांना परिसरातून बाहेर काढावं लागलं. हंगाम सुरू असतानाची ही घटना. अशा वेळी कारखान्याच्या आवारात फक्त कामगार नसतात. उसाच्या गाड्या घेऊन आलेले चालक असतात, बैलगाड्या असतात, टँकर भरायला आलेली माणसं असतात.

इथेनॉलची आग लाकडाच्या किंवा बगॅसच्या आगीसारखी नसते. शुद्ध इथेनॉल साधारण १३ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागतं. म्हणजे नगरच्या थंडीतल्या दुपारीसुद्धा ते धोक्याच्या पातळीच्या वरच असतं. त्याची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हात ती पटकन दिसतही नाही. वाफ हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, त्यामुळे ती वर उडून जात नाही. ती जमिनीलगत पसरते आणि चारी, नाला, खड्डा अशा सखल जागी साचते. साधा फेस या आगीवर टिकत नाही, त्यासाठी अल्कोहोलला दाद न देणारा खास फेस लागतो.

हे सगळं रसायनशास्त्र इथे सांगायचं कारण एवढंच, की जमण्याचं ठिकाण ठरवताना हेच निर्णायक ठरतं. आगीपासून लांब असलेली मोकळी जागा एवढा निकष पुरत नाही. ती जागा सखल आहे का? वारा तिकडे वाहतो का? तिथे पोचायला टाक्यांजवळून जावं लागतं का? त्या वेळी ती खरंच मोकळी असते का? या प्रश्नांची उत्तरं बदलली की ठिकाण बदलावं लागतं.

वारा फिरला की ठिकाण चुकतं

समजा एक कारखाना आहे. नाव नको, नकाशा डोळ्यासमोर आणू. ईशान्य कोपऱ्यात इथेनॉलच्या टाक्या. मधोमध मिल हाउस, बॉयलर आणि साखर गोदाम. नैऋत्येला वजनकाटा आणि त्यामागे मोठं मोकळं पटांगण. सुरक्षा विभागाने जमण्याचं ठिकाण ठरवलं ते जुलैमध्ये. टाक्यांपासून सगळ्यात लांबची जागा म्हणजे वजनकाट्यामागचं पटांगण. हिरवी पाटी लागली, रंगीत तालीम झाली, सगळे वेळेत पोचले. कागदोपत्री सगळं छान.

पण जुलैमध्ये आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. धूर आणि वाफ टाक्यांकडून पलीकडे, पूर्वेकडे जाणार आणि पटांगण सुरक्षित राहणार. आता डिसेंबर-जानेवारीचा विचार करा. गाळप जोरात आहे आणि वारा प्रामुख्याने पूर्व-ईशान्येकडून वाहतोय. म्हणजे टाक्यांवरून निघालेला वारा थेट नैऋत्येच्या पटांगणाकडे. जी जागा पावसाळ्यात सगळ्यात सुरक्षित होती, तीच हंगामात धुराच्या वाटेत आली. आणि पावसाळ्यात तर गाळप बंदच असतं!

दुसरी अडचण वाऱ्याइतकी सूक्ष्मही नाही. गव्हाणीत मोळी पडली की दोन दिवसांत ते पटांगण उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आणि बैलगाड्यांनी भरून जातं. जुलैत जिथे चारशे माणसं सहज उभी राहिली, तिथे नोव्हेंबरात दोन ट्रॉल्यांमधून अंग चोरून जावं लागतं. माणूस दाटीवाटीने नव्हे, पण जवळजवळ उभा राहिला तर त्याला अर्धा चौरस मीटर जागा धरतात. चारशे माणसांना दोनशे चौरस मीटर लागेल, शिवाय विभागवार रांगा करून नावं पुकारायची तर त्याच्या दुपटीने जागा हवी. एवढी जागा ऐन हंगामात तिथे उरत नाही. त्यात त्याच वाटेने अग्निशमन गाडी आत यायची असते.

त्यामुळे ठिकाण बदलतं. आपल्या नकाशातल्या कारखान्याने ते आग्नेयेला, कामगार वसाहतीसमोरच्या मैदानावर नेलं. मैदान उंचावर आहे, मिल हाउसपासून सुमारे ३५० मीटरवर आहे आणि हंगामातल्या ईशान्येच्या वाऱ्याच्या वाटेत येत नाही. माणूस साध्या चालीने सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो, म्हणजे पाच मिनिटांच्या आत तिथे पोचतो. वारा उलटा फिरला किंवा मैदानाकडचा रस्ताच बंद झाला तर वायव्येच्या गेटबाहेरची दुसरी जागा राखीव. कोणत्या जागी जायचं हे कळावं म्हणून दोन उंच ठिकाणी वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळ्या, ज्याला लोक विंड सॉक म्हणतात.

पर्यायी जागा ही चैन नाही. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल उत्खनन मंचावर ६ जुलै १९८८ च्या रात्री स्फोट झाले आणि १६७ जणांचा मृत्यू झाला. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे बरेच कामगार राहण्याच्या इमारतीत जमले आणि पुढच्या सूचनेची वाट पाहत थांबले. सूचना आली नाही, धूर आला. वाचलेल्यांपैकी अनेकजण नियम मोडून स्वतःची वाट शोधणारे आणि समुद्रात उड्या घेणारे होते. जमण्याचं ठिकाणच धुरात गेलं तर पुढे काय, याचं उत्तर तिथे कुणाकडे नव्हतं.

नोटीस प्रत्यक्षात कशी असावी?

आपल्याकडच्या बहुतेक नोटिसा ‘सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ या वाक्याने संपतात. संबंधित कोण आणि नोंद घेऊन करायचं काय, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. त्याऐवजी वरच्याच कारखान्याची नोटीस साधारण अशी असू शकते:

> सूचना: जमण्याचे ठिकाण व अग्निशमन सरावाच्या वेळा यांत बदल
>
> कायम, हंगामी व कंत्राटी कामगार, ऊस वाहतूक मुकादम, वाहनचालक व कामानिमित्त आवारात आलेले सर्व.
>
> सोमवारी पहाटे ४ वाजताच्या पाळीपासून जमण्याचे ठिकाण कामगार वसाहतीसमोरचे मैदान हे राहील. वजनकाट्यामागचे पटांगण हे ठिकाण त्याच क्षणापासून रद्द आहे. तिथे कोणीही थांबू नये.
>
> कारण: हंगामात पटांगणात वाहने उभी असतात व वारा टाक्यांकडून पटांगणाकडे वाहतो.
>
> वाट: मिल हाउस, बॉयलर व गोदाम विभागांनी दक्षिणेच्या रस्त्याने, दोन नंबरच्या गेटमधून जावे. डिस्टिलरी विभागाने टाक्यांच्या बाजूचा रस्ता वापरू नये, बाहेरच्या कुंपणालगतच्या वाटेने यावे. मैदानाकडे धूर येत असल्यास पर्यायी जागा: वायव्येच्या गेटबाहेर.
>
> इशारा: भोंगा तुटक-तुटक, सलग दोन मिनिटे. पाळी बदलाचा भोंगा पूर्वीप्रमाणे एकच लांब.
>
> मैदानावर आपल्या विभागाच्या पाटीमागे उभे राहा व हजेरी द्या. हजेरी झाल्याशिवाय घरी, वसाहतीत किंवा गाडीकडे जाऊ नका. वाहनचालकांनी गाडी सुरू करू नये, किल्ली गाडीतच ठेवावी.
>
> सराव: या महिन्यापासून तिन्ही पाळ्यांत. पहिला सराव पुढील आठवड्यात रात्रपाळीत होईल. दिवस व वेळ आधी सांगितली जाणार नाही. सराव असल्यास भोंग्यानंतर ध्वनिक्षेपकावरून तसे सांगितले जाईल. तसे सांगितले नाही तर आग खरी आहे असे समजावे.

हा नमुना आहे, सरकारी मसुदा नाही. पण यातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम आहेत.

‘रद्द’ हा शब्द. नवं ठिकाण सांगणाऱ्या नोटिसा भरपूर असतात, जुनं बंद झाल्याचं स्पष्ट लिहिणाऱ्या थोड्या. माणूस घाबरला की डोकं नवीन माहिती शोधत नाही, पाय सवयीच्या वाटेला लागतात. पाच वर्षं ज्या पटांगणात जमलो तिथेच पुन्हा जाणार. म्हणून नोटिशीइतकंच महत्त्वाचं काम रंगाऱ्याचं असतं. चार कोपऱ्यांतून आत वळणारे बाण आणि मध्ये माणसांचा घोळका अशी हिरव्या रंगावरची पांढरी पाटी जुन्या जागेवरून त्याच पहाटे निघायला हवी. भिंतींवरचे बाण पुसायला हवेत. ओळखपत्राच्या मागे छापलेला नकाशा, नव्या कामगारांना दाखवतात तो व्हिडिओ, डिस्टिलरीच्या नियंत्रण कक्षातला लॅमिनेट केलेला कागद, हे सगळं बदलावं लागतं. पाटी नवीन आणि बाण जुने असतील, तर बाण जिंकतात.

‘पहाटे ४ वाजताच्या पाळीपासून’ हेही तसंच. अनेक साखर कारखान्यांत पाळ्या पहाटे ४ ते दुपारी १२, १२ ते रात्री ८ आणि ८ ते पहाटे ४ अशा चालतात. ‘सोमवारपासून’ असं मोघम लिहिलं तर रविवारी रात्री आठला कामावर आलेला माणूस मध्यरात्रीनंतर कोणत्या ठिकाणी जाणार? त्याच्या कॅलेंडरमध्ये सोमवार लागलेला असतो, पण त्याची पाळी अजून रविवारचीच असते. त्या चार तासांत अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे जाऊ शकतात.

आणि भोंगा. साखर कारखान्याचा भोंगा म्हणजे आसपासच्या गावांचं घड्याळ. तो वाजला की लोक डबा बंद करतात, घाबरत नाहीत. आगीचा इशाराही त्याच भोंग्यावर असेल आणि दोन्हींतला फरक माणसांच्या कानात बसलेला नसेल, तर आग लागल्यावर अर्धी पाळी घड्याळ बघेल. सरावाची वेळ पाळी बदलाच्या अर्धा तास अलीकडे-पलीकडे ठेवू नये, त्याचं हेही एक कारण आहे. शिवाय सरावाआधी आसपासच्या ग्रामपंचायती, पोलीस ठाणं आणि अग्निशमन केंद्राला कळवलेलं बरं. नाहीतर गावातून माणसं धावत गेटवर येतात आणि सरावात खरीच गर्दी होते.

सरावाची वेळ नेहमी सकाळी ११च का?

कारखान्यांतले सराव पाहिले तर एक गंमत दिसते. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन. या दिवसांच्या आसपास, सकाळी ११च्या सुमारास, साहेब हजर असताना, फोटोग्राफर आल्यावर सराव होतो. सगळे कामगार ताजेतवाने असतात, सगळे अधिकारी जागेवर असतात आणि सगळी कुलपं उघडी असतात.

आग अशी वेळ पाहून येत नाही. ३१ डिसेंबर २०२३ ला छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला रात्री दोनच्या सुमारास आग लागली. आत झोपलेल्या सहा कामगारांचा मृत्यू झाला. रात्री आत कोण आहे, कुठे आहे, कोणतं दार उघडं आहे, हे दिवसाच्या सरावातून कधीच कळत नाही. दिवसाच्या सरावात ते दार उघडंच असतं.

नगरकरांना ६ नोव्हेंबर २०२१ सुद्धा आठवत असेल. जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात सकाळी लागलेल्या आगीत कोरोनाच्या ११ रुग्णांचा मृत्यू झाला. तिथे प्रश्न वेगळा होता, कारण ज्यांना बाहेर न्यायचं ते स्वतः चालू शकत नव्हते. पण मुद्दा तोच: जागा सोडायची पद्धत त्या जागेत त्या वेळी असलेल्या माणसांना धरून ठरवावी लागते. कारखान्यातही एखाद्याचा पाय प्लास्टरमध्ये असतो, एखादा बॉयलरच्या पायऱ्यांवर असतो, एखाद्याला ऐकू कमी येतं. त्यांच्यासोबत कोण जाणार, हे नावानिशी ठरलेलं असावं लागतं.

म्हणून नव्या वेळापत्रकातली खरी बातमी ‘दर तीन महिन्यांनी सराव’ ही नाही. ‘तिन्ही पाळ्यांत’ ही आहे. वर्षातून दोन सराव आणि दोन्ही दिवसपाळीत, तर रात्रपाळीचा कामगार वर्षानुवर्षं एकदाही नव्या मैदानावर जाणार नाही. पाळ्या फिरत असल्या तरी ठरावीक तारखेच्या ठरावीक वेळी सराव होत असेल तर ठरावीक माणसंच त्यात येतात. साखर कारखान्यात त्यावर आणखी एक थर आहे, हंगामाचा. ऑफ सीझनमध्ये दुरुस्ती चालते, तेव्हा माणसं कमी आणि वेल्डिंग जास्त. हंगामात माणसं दुप्पट आणि वाहनं शेकड्याने. एक सराव ऑफ सीझनमध्ये आणि किमान एक हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात झाला नाही, तर हंगामी कामगार कोराच राहतो.

वेळ आधी सांगावी की नाही, यावर सुरक्षा अधिकाऱ्यांतही दोन मतं आढळतात. वेळ मिनिटासकट सांगितली की माणसं बूट घालून, मोबाईल खिशात टाकून दाराशी उभी राहतात आणि सराव अडीच मिनिटांत ‘यशस्वी’ होतो. अजिबात न सांगता केला तर बॉयलरवर, उंचावर, गरम रसाजवळ काम करणारा दचकून अपघात व्हायचा. मधला रस्ता बरा: आठवडा आणि पाळी सांगायची, दिवस आणि वेळ नाही. ज्यांचं काम अर्धवट सोडणं धोक्याचं आहे अशा मोजक्या ठिकाणच्या पाळीप्रमुखांना मात्र आधी कल्पना द्यायची.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात पाहू. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३८ नुसार आगीतून बाहेर पडायचे मार्ग कामगारांना माहीत असले पाहिजेत आणि अशा वेळी काय करायचं याचं पुरेसं प्रशिक्षण त्यांना मिळालं पाहिजे. म्हणजे नोटीस लावली की जबाबदारी संपली असं नाही. कलम १०८ म्हणतं की कायद्यानुसार लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ ठळक जागी, स्वच्छ व वाचता येतील अशा ठेवाव्यात. नगर जिल्ह्यात ही भाषा अर्थातच मराठी, पण बाहेरच्या राज्यांतून आलेले कंत्राटी कामगार जास्त असतील तर हिंदीही हवी. आणि वाचता न येणाऱ्यांना मुकादमाने तोंडी सांगून, प्रत्यक्ष मैदानावर नेऊन दाखवणं हाच एक उपाय आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाचा विषय आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २०२० मध्ये आला आहे. जुन्या नोटिशीवर ‘कलम ३८’ असा उल्लेख दिसला तर तो कुठून आला, हे त्यामुळे लक्षात येईल.

धोकादायक रसायनांचा साठा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पर्यावरण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात. त्यांनुसार कारखान्याला आवारातला आपत्कालीन आराखडा तयार ठेवावा लागतो आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम करावी लागते. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा वेगळा. त्यात अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत, म्हणजे वर्षातून दोनदा, द्यावं लागतं. ते प्रमाणपत्र यंत्रणा चालते हे सांगतं, माणसं कुठे जातील हे नाही.

जमण्याचं ठिकाण हा त्या आपत्कालीन आराखड्याचाच भाग. त्यामुळे फक्त फळ्यावरची नोटीस बदलली आणि आराखड्याच्या फाइलमध्ये जुनाच नकाशा राहिला, तर अग्निशमन दलाची गाडी हातातल्या नकाशाप्रमाणे वजनकाट्याकडेच जाईल.

मुद्द्याची गोष्ट: मोजणी

माणसं एका जागी का जमवायची? बाहेर पडले की झालं ना? जो तो आपल्या घरी गेला तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. आग विझवायला आलेल्या पथकाचा पहिला प्रश्न असतो: आत कुणी आहे का? याचं उत्तर ‘बहुतेक नाही’ असं असेल तर त्यांना आत शिरावं लागतं. आत कुणी नसताना माणूस धुरात शिरतो, किंवा कुणी असताना पथक बाहेर थांबतं. दोन्हींची किंमत जिवाने चुकवावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत कामगार ‘बेपत्ता’ असाच शब्द होता आणि शोध दुसऱ्या दिवशीही चालू राहिला. बेपत्तांचा आकडा आणि नावं मिळतात ती हजेरीच्या यादीतूनच. आणि जमण्याची ठिकाणं नकळत दोन झाली, तर जिवंत माणूसही बेपत्तांच्या यादीत जातो.

आपल्या कल्पनेतल्या कारखान्यात पहिला सराव रात्रपाळीत झाला असं धरू. त्या रात्रीच्या हजेरीत २१४ नावं: ९६ कायम, ६१ हंगामी, ५७ कंत्राटी. भोंगा वाजल्यापासून अकराव्या मिनिटाला मैदानावरची मोजणी पूर्ण झाली. १९७. म्हणजे १७ माणसं कमी. खरी आग असती तर पथकाला ‘१७ जण आत’ असं सांगावं लागलं असतं.

मग शोध घेतला. नऊजण जुन्या पटांगणात, ट्रॉल्यांच्या मध्ये, शांतपणे उभे होते. नऊच्या नऊ कायम कामगार, सगळ्यात अनुभवी माणसं. हंगामी कामगारांतला एकही तिकडे गेला नव्हता, कारण त्यांना जुनी जागा माहीतच नव्हती. उरलेले आठ. त्यातले तिघे बॉयलरवर होते आणि त्यांचं चुकलं नव्हतं. पेटता बॉयलर तसाच सोडून पळता येत नाही, इंधन बंद करून तो सुरक्षित करावा लागतो. पण ‘हे तिघे मागे थांबणार’ असं कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे यादीत ते बेपत्ता ठरले. दोघे रात्री अकराला अर्धी सुट्टी टाकून घरी गेले होते. गेटवरच्या वहीत नोंद होती, टाइम ऑफिसच्या यादीत नव्हती. शेवटचे तिघे डिस्टिलरीच्या नियंत्रण कक्षात. बंद काचा, वातानुकूलन आणि पंपांचा आवाज यांत त्यांना भोंगा ऐकू आला, पण तुटक-तुटक आहे हे कळलं नाही. पाळी सुटली की काय म्हणून एकाने घड्याळ बघितलं आणि काम चालू ठेवलं. टाक्यांच्या सगळ्यात जवळ असलेली माणसं हीच.

आणि यार्डात थांबलेले ऊसगाड्यांचे चालक? ते २१४ मध्ये नव्हतेच. काही मैदानावर आले, काही ट्रॉलीखाली झोपून राहिले, आणि ते किती होते हे कुणालाच सांगता आलं नाही. वजनकाट्यावर गाडी आत आल्याची नोंद होते, माणसांची नाही. एका ट्रॅक्टरबरोबर कधी एकटा चालक असतो, कधी सोबत मुलगाही असतो.

असा सराव अयशस्वी म्हणायचा का? उलट अडीच मिनिटांच्या ‘यशस्वी’ सरावापेक्षा याने जास्त सांगितलं. त्यातून निघालेली कामं ठोस आहेत. जुन्या पटांगणात भोंग्यानंतर एक सुरक्षारक्षक उभा करायचा, जो येणाऱ्यांना मैदानाकडे पाठवेल. बॉयलरवर मागे थांबणाऱ्यांची नावं पाळीगणिक लिहून एक प्रत मैदानावरच्या हजेरी घेणाऱ्याकडे द्यायची. गेटची वही आणि टाइम ऑफिसची यादी एकाच जागी आणायची. नियंत्रण कक्षात आवाजाबरोबर लाल फिरता दिवा लावायचा. आणि वजनकाट्याच्या पावतीवर गाडीतल्या माणसांची संख्या लिहायची.

ग्रुपवर अशी नोटीस आली तर

तारीख बघा. जुन्या नोटिसांचे फोटो हंगामागणिक फिरत राहतात आणि दोन वर्षांपूर्वीचं ‘नवीन ठिकाण’ आज पुन्हा नवीन म्हणून येतं. तारीख, जावक क्रमांक आणि सही-शिक्का नसेल तर फळ्यावरच्या मूळ कागदाशी ताडून पाहा, फॉरवर्ड नंतर करा. मग प्रत्यक्ष चालून बघा. आपल्या कामाच्या जागेपासून नव्या ठिकाणापर्यंत, शक्यतो रात्री. वाटेतलं गेट रात्री कुलपात असतं का, दिवे आहेत का, वाटेत साखरेच्या पोत्यांची थप्पी लागलेली आहे का, हे कागदावरून कळत नाही. अडचण दिसली तर पाळीप्रमुखाला किंवा सुरक्षा समितीतल्या कामगार प्रतिनिधीला सांगता येतं, आणि तारीख टाकून लेखी दिलेलं जास्त टिकतं.

नोटिशीत आपल्या विभागाची हजेरी कोण घेणार आणि तो रजेवर असेल तर कोण, ही दोन नावं नसतील तर ती विचारून घ्या. कल्पनेतल्या त्या कारखान्यात दुसऱ्या सरावाला जुन्या पटांगणात कुणीही गेलं नाही, बॉयलरची यादी जुळली, नियंत्रण कक्षातले तिघे सगळ्यांत आधी आले. तरी गोदाम विभागाची मोजणी वीस मिनिटं अडली होती, कारण हजेरी घेणारा त्या रात्री रजेवर होता आणि यादी त्याच्या कुलूपबंद कपाटात होती.